‘काही माहिती’ म्हणजे नेमकी कोणती?

सोलापुरातल्या आमच्या मोहल्ल्यातल्या चार-पाच मुलांनी दोन वर्षांपूर्वी नमाजच्या वेळा दाखवणारं एक ॲप तयार केलं. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, म्हणून ‘भाईजान, प्रायव्हसी नोटीस तेवढी तुम्ही लिहून द्या’ असा निरोप आला. मी ती लिहिली नाही. इंटरनेटवरचा एक तयार इंग्रजी नमुना उचलला, त्यात ॲपचं नाव टाकलं आणि पाच मिनिटांत पाठवून दिला. त्यानंतर ती नोटीस कोणी वाचली नाही, मीसुद्धा नाही.

यंदा ती मराठी आणि उर्दूत करायचं ठरलं. भाषांतराला बसलो आणि पहिल्याच वाक्यावर अडलो. इंग्रजीत ते गुळगुळीत वाटत होतं. मराठीत उतरवलं तर असं झालं: ‘आपला अनुभव अधिक चांगला व्हावा यासाठी आम्ही आपल्या स्थानासह काही माहिती गोळा करू शकतो.’ शेजारच्या खालांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, ‘करू शकतो म्हणजे? करता की नाही?’ मला उत्तर देता आलं नाही. ॲपच्या नोटिशीवर काम केलेला मी एकटाच इंजिनिअर, आणि ॲप काय घेतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

म्हणून भाषांतर थांबवलं आणि नोटिशीतलं एकेक वाक्य घेऊन कोड उघडला. प्रत्येक वाक्याला चारच प्रश्न विचारायचे ठरवले: कोणती माहिती, कशासाठी, कोणाकडे जाते आणि किती दिवस राहते. या चारांची उत्तरं येईपर्यंत वाक्य लिहायचं नाही.

पहिलं वाक्य स्थानाचं. ॲपने फोनकडे `ACCESS_FINE_LOCATION` ही परवानगी मागितली होती, म्हणजे जीपीएसवरचं नेमकं ठिकाण. ॲप उघडलं की अक्षांश-रेखांश आमच्या सर्व्हरकडे जात, सर्व्हर वेळा काढून परत पाठवत असे. माहिती ‘गोळा’ करायचा कोणाचाही इरादा नव्हता. पण सर्व्हर आपल्याकडे आलेल्या प्रत्येक विनंतीची एक ओळ स्वतःहून नोंदवतो. तारीख, वेळ, आयपी पत्ता आणि विनंतीतला पूर्ण पत्ता त्या ओळीत असतो. आमच्या मुलांनी अक्षांश-रेखांश त्या पत्त्यातच टाकले होते, सहा दशांश स्थळांपर्यंत. सहा दशांश म्हणजे वीतभराहूनही कमी अंतर. फोनच्या जीपीएसला इतकं अचूक कळत नाही, पण घर कोणतं आणि मशीद कोणती हे कळायला ते भरपूर झालं. जुन्या नोंदी आपोआप पुसण्याची सोय सर्व्हर बसवताना बंद पडली होती. फाइल उघडली तेव्हा तिच्यात आठ महिन्यांच्या नोंदी होत्या.

आता चारही उत्तरं मिळाली होती, तेव्हा प्रामाणिक वाक्य लिहून पाहिलं: ‘तुम्ही ॲप उघडता तेव्हा तुम्ही नेमके कुठे उभे आहात हे आमच्या सर्व्हरवर नोंदलं जातं. गेल्या आठ महिन्यांतली नोंद आम्ही पुसलेली नाही.’ मुलांच्या ग्रुपवर टाकलं. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग एकाने लिहिलं, ‘हे छापता येणार नाही.’ खरं आहे. पण मग छापता येत नाही ते करायचं तरी कशाला?

तेव्हा प्रश्न असा झाला की नमाजच्या वेळेसाठी नेमकं ठिकाण लागतं का. हिशेब सोपा आहे. पृथ्वी एक अंश रेखांश फिरायला चार मिनिटं घेते आणि महाराष्ट्रात एक अंश म्हणजे साधारण १०५ किलोमीटर. म्हणजे पूर्वेला किंवा पश्चिमेला एक किलोमीटर सरकलं तर वेळ जेमतेम सव्वादोन सेकंदांनी बदलते. अँड्रॉइडमध्ये अंदाजे ठिकाणाची वेगळी परवानगी आहे, `ACCESS_COARSE_LOCATION`. ती साधारण तीन चौरस किलोमीटरचा भाग सांगते, त्यातला पत्ता सांगत नाही. त्याने वेळेत पडणारा फरक पाच सेकंदांच्या आत. मशिदीत लावलेलं छापील वेळापत्रक अख्ख्या शहराला एकच वेळ देतं, तेव्हा पाच सेकंदांसाठी कोणाचं घर मागण्यात अर्थ नाही. किबल्याची दिशाही एवढ्या अंतराने जाणवण्याइतकी बदलत नाही. फोनच्या होकायंत्राची चूक त्याहून मोठी असते.

आणि सर्व्हर तरी कशाला? तारीख, अक्षांश, रेखांश आणि फजर-ईशासाठी ठरवलेला सूर्याचा कोन एवढं असलं की गणित फोनमध्येच होतं. मुलांनी दोन शनिवार-रविवार बसून ते काम केलं. मग वाक्य असं झालं: ‘नमाजच्या वेळा काढण्यासाठी तुम्ही साधारण कोणत्या भागात आहात हे ॲप तुमच्या फोनला विचारतं. हिशेब फोनमध्येच होतो. तुमचं ठिकाण आमच्याकडे येत नाही. परवानगी द्यायची नसेल तर यादीतून गाव निवडा, वेळा तरीही दिसतील.’

दुसरं वाक्य होतं: ‘आम्ही आपली माहिती विश्वासू भागीदारांबरोबर शेअर करू शकतो.’ भागीदार कोण, असं विचारलं तर मुलं म्हणाली, कोणीच नाही, आपण कोणाला काही विकत नाही. ते खोटं बोलत नव्हते. पण ॲपमध्ये खाली जाहिरातीची एक पट्टी होती आणि ती दाखवायला जाहिरात कंपनीचा तयार कोड बसवलेला होता. असा कोड आपल्या परवानग्या आपल्याबरोबर घेऊन येतो. मुलांनी लिहिलेल्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये त्या दिसत नाहीत. अँड्रॉइड स्टुडिओत तीच फाइल उघडून खालचा `Merged Manifest` हा टॅब पाहिला की सगळ्या मिळून झालेली यादी दिसते. तिथे आम्ही न लिहिलेली एक परवानगी सापडली, जाहिरात ओळख क्रमांकाची. हा क्रमांक फोनवरच्या सगळ्या ॲप्सना एकच दिसतो, त्यामुळे वेगवेगळ्या ॲप्समधली माहिती एकाच माणसाच्या नावाखाली जोडता येते.

यात काय बिघडतं हे २०२० मध्ये जगाने पाहिलं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘मदरबोर्ड’ने बातमी दिली की ९.८ कोटींहून अधिक वेळा डाउनलोड झालेल्या ‘मुस्लिम प्रो’ या नमाजच्या ॲपमधून लोकांचं ठिकाण एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होतं, आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. ॲपच्या कंपनीने लष्कराला थेट माहिती विकल्याचा इन्कार केला आणि एक्स-मोडशी संबंध तोडले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोड आणि तिच्या उत्तराधिकारी कंपनीला प्रार्थनास्थळांसारख्या संवेदनशील जागांची माहिती विकायला मनाई करणारा आदेश जाहीर केला. तोपर्यंत तीन वर्षं उलटून गेली होती. नमाजच्या ॲपमध्ये नाव-गाव न विचारताही माणसाचा धर्म कळतो. ॲप फोनवर असणं हीच ती माहिती. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ‘संवेदनशील माहिती’ असा वेगळा वर्ग ठेवलेला नाही, तेव्हा ही काळजी ॲप बनवणाऱ्यालाच घ्यावी लागते.

जाहिरातीचे पैसे सर्व्हरच्या भाड्यापुरतेच येत होते. सर्व्हर गेल्यावर जाहिरातीची गरजही गेली. कोड काढला, आणि पुढे दुसऱ्या कुठल्या कोडबरोबर ती परवानगी परत शिरू नये म्हणून मॅनिफेस्टमध्ये एवढं लिहून ठेवलं:

```xml
<uses-permission
  android:name="com.google.android.gms.permission.AD_ID"
  tools:node="remove" />
```

सगळं मात्र काढता आलं नाही. ॲप अचानक बंद पडलं तर का पडलं हे कळवणारी गूगलची क्रॅशलिटिक्स ही सेवा आम्ही ठेवली, कारण तिच्याशिवाय जुन्या फोनवरच्या चुका सापडत नाहीत. तिच्यासाठी वाक्य लिहिलं: ‘ॲप बंद पडलं तर तुमच्या फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, ॲपला दिलेला एक क्रमांक आणि बिघाड कुठे झाला ही माहिती गूगलकडे जाते. ती तिथे ९० दिवस राहते. सेटिंगमध्ये हे बंद करता येतं.’ शेवटचं वाक्य लिहिलं तेव्हा तसं बटण ॲपमध्ये नव्हतं. वाक्य आधी आलं, बटण नंतर.

तिसरं वाक्य सगळ्यांच्याच नोटिशीत असतं: ‘ॲप वापरल्यास आपली संमती आहे असे गृहीत धरले जाईल.’ हे सोपं करण्याच्या भानगडीत पडलोच नाही, खोडून टाकलं. २०२३ च्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे संमती स्पष्ट कृतीतून दिलेली असावी लागते, गृहीत धरलेली नाही. कायद्यातच एक उदाहरण आहे. डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधल्या संपर्कांची यादी मागितली आणि माणूस हो म्हणाला, तरी ती यादी सल्ल्यासाठी लागत नसल्यामुळे ती संमती धरली जात नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नियम सांगतात की नोटीस साध्या भाषेत आणि स्वतंत्रपणे समजेल अशी असावी, आणि कोणती माहिती कशासाठी हे तपशीलवार लिहावं. हे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायद्याने नोटीस इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याचा पर्यायही द्यायला सांगितला आहे. मराठी आणि उर्दू दोन्ही त्या यादीत आहेत.

नवी नोटीस मोबाइलच्या पडद्यावर दोनदा सरकवण्याएवढी झाली. ती पाच जणांना वाचायला दिली आणि वाचून झाल्यावर फोन बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारले: ॲपला तुमचं घर कळतं का? माहिती कोणाकडे जाते? नको असेल तर काय कराल? ‘समजलं का?’ असं विचारलं नाही, कारण त्याला सगळे हो म्हणतात. खाला आणि आणखी एक जण ‘आवृत्ती’ या शब्दावर अडले, तिथे ‘अँड्रॉइड कितवं आहे ते’ असं केलं. बाकी तिघांनी तिन्ही उत्तरं बरोबर दिली.

राहिल्या आठ महिन्यांच्या नोंदी. फाइल पुसली, बॅकअपमधलीही. न सांगता पुसली असती तर कोणाला कळलं नसतं, आणि ग्रुपवर तसं म्हणणारेही होते. शेवटी नोटिशीच्या तळाशी एक ओळ घातली: ‘आधीच्या ॲपमध्ये तुमचं नेमकं ठिकाण आमच्या सर्व्हरवर आठ महिने नोंदलं जात होतं. ते आम्ही पुसलं आहे. ती चूक आमची होती.’ ही ओळ वाचून काही लोकांनी ॲप काढून टाकलं. तो त्यांचा हक्क आहे. जुन्या नोटिशीने त्यांना तो वापरायची संधीच दिली नव्हती.

तुमच्या फोनवरही असं एखादं ॲप असेल. आज त्याची नोटीस उघडा आणि ‘करू शकतो’, ‘काही’, ‘भागीदार’ हे तीन शब्द कुठे आलेत ते शोधा. मग बनवणाऱ्याला एक ओळीचा ईमेल करा: करता की नाही?