झटका न येणाऱ्या दिवसांचा आजार

पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि बहुधा अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. महिन्यातून दोनदा आला तर हिशेबाने दीड तासाचा आजार. मग माणूस उरलेले अठ्ठावीस दिवस का झिजतो? माझं म्हणणं असं की खरा आजार त्या अठ्ठावीस दिवसांचाच आहे, आणि नेमका तोच आपण आजार धरत नाही. घरचे म्हणतात, ‘आता तर बरे आहात ना, अल्हमदुलिल्लाह.’

डॉक्टरांनाही हे कळायला वेळ लागला. 1960च्या आसपास न्यूयॉर्कच्या हिलसाइड हॉस्पिटलात डोनाल्ड क्लाइन यांनी अशा रुग्णांना इमिप्रामीन हे औषध दिलं. काही आठवड्यांत झटके थांबले. ‘मी मरतोय’ म्हणत नर्सकडे धावणारे रुग्ण धावेनासे झाले. नर्सेसना फरक दिसला, पण रुग्ण स्वतः बरं वाटतंय म्हणेनात, कारण ‘पुढचा कधी येईल’ ही धास्ती जशीच्या तशी होती. झटका आणि झटक्याची धास्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथून नीट समोर आलं.

आमच्या अहेरीत ओळखीचे एक दुकानदार आहेत. त्यांना पहिला झटका एसटीत आला, आलापल्लीच्या पुढे, जंगलात, जिथे मोबाइलला रेंज नसते. छातीत धडधड, हात मुंग्यांनी बधिर. ईसीजी निघाला, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं, सगळं ठीक. (ही तपासणी एकदा करावीच, आपल्या जिल्ह्यात सिकलसेल आणि रक्तक्षय आहे, आणि रक्त कमी असलं तरी धडधडतं.) त्यानंतर चार महिने त्यांना एकही झटका आला नाही. त्या चार महिन्यांत काय झालं ते ऐका. बसमध्ये दाराजवळचीच सीट. मग बस बंद, मोटारसायकल. मग चंद्रपूरला माल आणायला भाऊ. जुम्म्याला शेवटची सफ, चपलांजवळ. खिशात पाण्याची बाटली आणि झोपेच्या गोळीची अर्धी पट्टी. दिवसातून वीसदा मनगटावर बोट.

यातली प्रत्येक गोष्ट शहाणपणाची वाटते, आणि गोम तिथेच आहे. झटका आला नाही की श्रेय दाराजवळच्या सीटला जातं. सीट नसती तरी काही झालं नसतं, हे मनाला कळायची संधीच मिळत नाही. वर नाडी सतत तपासत राहिलं की साधी जिना चढल्याची धडधडही ‘आलाच’ वाटते, त्या भीतीने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड पुरावा ठरते.

इथे एक नाजूक गोष्ट बोलायला हवी. दुकानदार आयतुल कुर्सी पढून निघायचे. त्यात गैर काही नाही, मीही पढतो. पण एके दिवशी पढायची राहिली आणि ते गेवर्धाच्या वाटेवरून घरी परतले. तिलावत इबादत म्हणून केली तर आधार आहे. झटका अडवणारं कुलूप म्हणून केली, तर ती त्या बाटलीच्या रांगेत जाते. मनाच्या आजाराचा इलाज आपल्या परंपरेला परका नाही. बल्खचे अबू झैद (मृत्यू 934) यांनी शरीर आणि नफ्स या दोन्हींच्या आरोग्यावर एकच किताब लिहिला. माणूस घरात औषधं साठवतो तसे भीतीच्या वेळी उपयोगी पडणारे विचार निवांत असताना साठवून ठेवावेत, असं ते सांगतात.

आजचा इलाज निवांत दिवसांतच करायचा असतो. जी लक्षणं घाबरवतात ती मुद्दाम, थोड्या प्रमाणात आणायची: जागेवर मिनिटभर धावणं, खुर्चीत गोल फिरणं, बारीक नळीतून मिनिटभर श्वास. मग धडधड होते, चक्कर येते आणि काही न करता उतरते. हृदयरोग, दमा, फेफरं किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. नंतर प्रवास: आधी आलापल्लीपर्यंत मधल्या सीटवर, तेच आठवड्यात चार-पाचदा, मग पुढचा थांबा. लोक चुकतात ते इथे: भीती वाढली की उतरतात. उतरल्यावर बरं वाटतं आणि मन शिकतं की उतरलो म्हणून वाचलो. भीती कमी व्हायच्या आत उतरायचं नाही, आणि श्वास मोजून तिला दाबायचंही नाही. रोजची औषधं लागू पडायला काही आठवडे लागतात. गोळ्या, खिशातलीसुद्धा, स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नयेत. मनोविकारतज्ज्ञ इथून शंभर किलोमीटरवर असला तरी 14416 या टेलिमानस नंबरवर मराठीत फुकट बोलता येतं.

दुकानदार आता बसने आष्टीपर्यंत जातात. बाटली घरी असते. गोळीची पट्टी अजून खिशात आहे, आणि ती कधी काढायची हे त्यांनी डॉक्टरांबरोबर ठरवलं आहे. घरच्यांना मी एवढंच सांगितलं: ‘झटका आला का?’ असं रोज विचारू नका, ‘आज कुठपर्यंत गेलात?’ असं विचारा.