हवा भरली तरी दिवा का लागतो?



आता पुष्कळ घरांतून ट्रॅक्टरच्या जोडीला चारचाकी मोटारही दारात उभी असते. अशाच एका वाचकाचे पत्र आले आहे. त्यांनी टायर आलटूनपालटून लावून घेतले, ज्याला गॅरेजवाले ‘रोटेशन’ म्हणतात. दोन दिवसांनी समोरच्या पट्टीवर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखी आकृती आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह, असा तो दिवा. पंक्चरवाल्याने चारही चाके पाण्यात बुडवून पाहिली, खिळा नाही की बुडबुडा नाही. हवाही चारही चाकांत बरोबर ३३ पौंड. अखेर एका दुकानदाराने सांगितले की, “चाकातला सेन्सर गेला आहे, नवा टाकावा लागेल.” वाचक विचारतात, टाकू का?

पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट तपासा. तुमच्या मोटारीच्या चाकात मुळात सेन्सर आहे का?

हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा दोन जातींची असते. पहिली सरळ मोजणारी. हिच्यात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हला जोडलेला एक लहानसा सेन्सर असतो. त्याला स्वतःची बॅटरी असते. तो आतली हवा खरोखर मोजतो आणि बिनतारी संदेशाने आकडा कळवतो. बॅटरी बहुधा पाच ते दहा वर्षे चालते आणि संपली की बहुतेक वेळा अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. अशी मोटार असेल तर टायर उतरवताना पंक्चरवाल्याला आधी सांगावे, कारण पहारीचा एक चुकीचा झटका बसला की तो सेन्सर मोडतो.

दुसरी जात आडून अंदाज करणारी, आणि पत्रावरून या वाचकांची मोटार हिच्यातली दिसते. हिच्यात चाकाच्या आत काहीच नसते. ब्रेक दाबल्यावर चाक घसरू नये म्हणून जी एबीएस यंत्रणा असते, ती प्रत्येक चाकाचे फेरे मोजतच असते. तेच मोजमाप इथे वापरले जाते. बैलगाडीचे मोठे चाक आणि हातगाडीचे लहान चाक एकाच रस्त्याने चालवले तर लहान चाकाला जास्त फेरे घ्यावे लागतात, हे आपण रोज पाहतो. टायरमधली हवा कमी झाली की ते थोडे बसते, म्हणजे चाक किंचित लहान होते आणि इतर तिघांपेक्षा जास्त फिरू लागते. यंत्र तेवढ्यावरून ओळखते.

आता हा ‘किंचित’ किती, ते पाहू. आसापासून रस्त्यापर्यंतचे अंतर ३०० मिलिमीटर धरले तर चाक एका किलोमीटरात सुमारे ५३० फेरे घेते. हे अंतर एका मिलिमीटरने घटले की पावणेदोन फेरे वाढतात. टायरमधली पाव हिस्सा हवा गेली तरी फरक पडतो तो मिलिमीटर-दीड मिलिमीटरचाच. म्हणजे किलोमीटरमागे दोन-तीन जास्त फेऱ्यांवरून यंत्राला संशय घ्यायचा असतो.

पण टायर झिजूनही चाक लहान होतेच की! नव्या टायरची नक्षी सुमारे आठ मिलिमीटर खोल असते आणि झिजून ती दीड-दोनवर येते. हवेमुळे पडणाऱ्या फरकाच्या कितीतरी पट हा फरक आहे. म्हणून यंत्राला आधी शिकवावे लागते. बटण दाबून आपण त्याला सांगतो की, ‘आत्ता चारही चाकांत हवा बरोबर आहे, त्यांची चाल लक्षात ठेव.’ पुढे ते हवा मोजत नाही, त्या लक्षात ठेवलेल्या चालीशी आजची चाल ताडून पाहते.

वाचकांच्या मोटारीत काय झाले असावे, ते यावरून कळेल. समजा, डावीकडचे पुढचे टायर इतरांपेक्षा दोन मिलिमीटर जास्त झिजले होते. यंत्राने शिकून ठेवले की डावे पुढचे चाक किलोमीटरमागे साडेतीन फेरे जास्त घेते, आणि ते ठीक आहे. गॅरेजवाल्याने ते टायर डावीकडे मागे लावले. यंत्राला टायर बदलल्याचा पत्ता नाही. त्याला एवढेच दिसते की डावे मागचे चाक एकाएकी साडेतीन फेरे जास्त घेऊ लागले. हवा गेली असा त्याचा समज होतो आणि दिवा लागतो.

दिवा उगीच लागला, यात नुकसान थोडे. उलट बाजू जास्त वाईट आहे. पुढे डावीकडे आता कमी झिजलेले टायर आले. त्यातली हवा खरोखर गेली आणि त्याचे फेरे वाढले, तर ती चाल यंत्राने शिकलेल्या जुन्या चालीसारखीच होते. हवा जात राहते, दिवा मात्र शांत. घरची माणसे आणि सामान भरून जाताना, उन्हात तापलेल्या रस्त्यावर कमी हवेचे टायर आणखी तापते आणि फुटते.

हवा भरल्यावरही शिकवणी पुन्हा करावी लागते ती याच कारणाने. एक चाक २८ पौंडांवर असताना यंत्र शिकले असेल, तर २८ ही त्याच्या लेखी बरोबर हवा. ओझ्यासाठी मागच्या चाकांत हवा वाढवली, एखादे टायर नवे घातले, तरी जुना पाढा चुकतो.

तेव्हा क्रम असा ठेवावा. गाडी तीनेक तास उभी असू द्या, किंवा पंप अगदी जवळ, एक-दोन किलोमीटरच्या आत असू द्या. तापलेल्या टायरमध्ये हवेचा दाब तीन-चार पौंड जास्त दिसतो, म्हणून थंडपणी भरायची. किती भरायची, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीवर लिहिलेले असते. माणसांच्या भाराप्रमाणे आकडे वेगळे असतात, ते पाहावे. चारही चाके भरून झाल्यावरच गाडी उभी ठेवून, चावी फिरवून, SET असे लिहिलेले बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरावे. काही गाड्यांत बटण नसते, पडद्यावरच्या यादीत ही सोय असते. गाडीबरोबरच्या माहितीपुस्तकात जागा सापडेल. नंतर गाडी चांगल्या डांबरी रस्त्यावर वेगवेगळ्या वेगाने थोडा वेळ चालवावी. शिकायला यंत्राला वेळ लागतो. चिखलात चाक जागच्या जागी फिरत असेल, तर तिथे ते काय शिकणार!

पुष्कळ जण याच्या उलट करतात. दिवा डोळ्यांत खुपतो म्हणून हवा न पाहताच SET दाबतात. दिवा जातो खरा, पण मग बसलेले चाकच यंत्राला बरोबर वाटू लागते आणि पुढची सूचना उशिरा येते.

दुकानदाराच्या सेन्सरविषयी आता निकाल लावू. पडद्यावर प्रत्येक चाकाचा पौंडांचा आकडा दिसत असेल तर गाडी पहिल्या जातीची. आकडा नाही, फक्त दिवा आहे आणि माहितीपुस्तकात हवा भरल्यावर दाबायचे बटण सांगितले आहे, तर ती बहुधा दुसऱ्या जातीची, आणि तिच्या चाकात बदलायला सेन्सरच नाही. दिवा आधी मिनिटभर लुकलुकून मग लागून राहत असेल तर मात्र यंत्रणाच बिघडली आहे, गाडी दाखवावी लागेल.

चारही चाकांची हवा सारखीच हळूहळू उतरत गेली तर साध्या तुलनेवर चालणाऱ्या यंत्राला ते कळणे कठीण. काही नवी यंत्रे टायरच्या थरथरीवरूनही ओळखतात. तरी महिन्यातून एकदा हातातल्या मापकाने तपासणे सुटत नाही. स्टेपनीही त्याच वेळी पाहावी. ती लहान आकाराची असेल तर ती लावल्यावर दिवा लागणे साहजिक आहे, तिचे फेरे जास्तच होणार. आणि नवी मोटार घेत असाल तर स्टेपनी आहे का, ते विचारा. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने नियमांत बदल केला. हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचे साहित्य असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनी नसली तरी चालते.