काखेला 'गोरं' करणारी मलमं आणि घासणारा मुंढा

मागच्या दिवाळीत माझी भाची घरी आली होती. कपडे बदलताना तिने हात वर केला आणि मला तिच्या काखेत लालसर-जांभळ्या रेघा दिसल्या. बाळंतपणानंतर पोटावर येतात तशा. बावीस वर्षांची अविवाहित मुलगी! विचारलं तर आधी टाळाटाळ केली, मग हळूच म्हणाली, "मावशी, मांडीला पण आल्यात. काळेपणा जावा म्हणून क्रीम लावत होते."

ती ट्यूब मी मागवून घेतली. शंभर रुपयांच्या आतली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तीन नावं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं तिसरं स्टेरॉइड आहे. हे मलम चेहऱ्यावरच्या वांगासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडे आठवडे लावायचं असतं. ही पोरगी ते पाच महिने रोज रात्री काखेत आणि जांघेत चोळत होती.

पहिल्या तीन आठवड्यांत खरंच फरक पडला होता म्हणे. तो पडणारच. स्टेरॉइड सूज दाबतं, रंग फिका दिसतो आणि आपल्याला वाटतं, सापडलं औषध. पण काख आणि जांघ या घडीच्या जागा. कातडीवर कातडी, वर घाम, वर कपडा. तिथे औषध हाताच्या किंवा पायाच्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त आत शोषलं जातं. कातडी पातळ होत जाते, आतून फाटते आणि रेघा पडतात. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं: लाली जाईल, रेघा पांढुरक्या होतील, पण पूर्ण जाणार नाहीत. काळेपणा मात्र मलम थांबवल्यावर महिन्याभरात होता तिथे परत आला.

मला राग त्या ट्यूबचा आहेच, पण त्याहून जास्त राग आहे तो तिच्या मनात आधी ही लाज घालणाऱ्यांचा. जाहिरातवाले त्यात आहेत, आणि आपण आयाही आहोत. "नीट घासून अंघोळ करत जा," हे वाक्य आपण किती वेळा बोललोय? काखेतला काळेपणा हा मळ नाही. आणि घासणं हा त्यावरचा उपाय तर नाहीच, उलट तेच बहुतेक वेळा त्याचं कारण आहे.

कातडीवर रोज थोडं थोडं घर्षण झालं की तिथे डोळ्याला न दिसणारी सूज राहते. त्या चिडीला उत्तर म्हणून कातडीतल्या रंग बनवणाऱ्या पेशी जास्त रंग बनवतात आणि वरचा थर जाड होतो. टाचेला घट्टा पडतो, त्याचाच हा सौम्य भाऊ. म्हणजे काळेपणा हे कातडीचं चिलखत आहे. घर्षण चालू ठेवून वर क्रीम लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

भाचीचं घर्षण आम्ही दोघींनी बसून शोधलं. ब्लाउज आणि कुर्त्यांचा मुंढा इतका घट्ट की शिवण काखेत रुतायची. कोरड्या कातडीवर रेझर, तोही दोन महिने जुना. त्यावर लगेच वासाचा स्प्रे. अंघोळीला खरखरीत जाळीचा घासणा. आणि मांड्यांना दिवसभर जाड शिवणीची जीन्स, साडीच्या दिवशी परकराखाली मांडीला मांडी.

मग सहा आठवडे फक्त हेच बदललं. शिंप्याकडून मुंढे अर्धा-पाऊण इंच सैल करून घेतले. साडी-ड्रेसखाली मांडीपर्यंतची मऊ सुती शॉर्ट्स. घासणा बंद, हाताने सौम्य साबण. रेझर नवा, ओल्या कातडीवर साबणाचा फेस करून, केसांच्या दिशेने; त्या दिवशी स्प्रे नाही. लांब चालायच्या दिवशी मांडीच्या आतल्या बाजूला व्हॅसलिनचा पातळ हात. त्याने कातडी घासण्याऐवजी घसरते. रंग लगेच बदलला नाही, पण खरखर आणि आग गेली. बरं होतंय याची पहिली खूण हीच: आधी कातडी मऊ होते, रंग मागून उतरतो.

त्यानंतर, डॉक्टरीणबाईंना विचारून, लावायचं काय ते ठरवलं. माझ्या मते तीनच गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली नायासिनामाइड, चार-पाच टक्के. ते बनलेला रंग वरच्या पेशींत जायला अडवतं आणि सहसा चुरचुरत नाही. दुसरं अझेलाइक ॲसिड, दहा टक्के. सुरुवातीला थोडी खाज येते, पण गरोदरपणातही ते चालतं. तिसरं, कातडी जाड झाली असेल तर दहा टक्क्यांचं युरिया किंवा त्याहून कमी ताकदीचं लॅक्टिक ॲसिड, एक दिवसाआड. एका वेळी एकच सुरू करायचं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन रात्री लावून बघायचं. वॅक्सिंग किंवा रेझरनंतर दोन दिवस काहीच नाही. भाचीने नुसतं नायासिनामाइड लावलं. तीन महिन्यांनी कडा फिकट झाल्या. त्याआधी कुठलंही क्रीम 'फरक' दाखवत असेल तर मला त्याचाच संशय येईल, कारण कातडीचा वरचा थर बदलायलाच महिना लागतो.

आणि लिंबू, खायचा सोडा? कृपा करून नको. लिंबू आम्ल, सोडा अल्कली, दोन्ही घडीतली कातडी चिडवतात, आणि चिडलेली कातडी पुन्हा काळी पडते. ज्याने आग होते ते औषध लागू पडतंय, ही समजूत आपल्या घरांतून जायला हवी.

दोन वेळा मात्र घर्षणाला दोष देऊन बसू नका. काळेपणा मखमलीसारखा जाड असेल आणि मानेलाही असेल, तर बहुधा शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाहीये. उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी तपासा. आणि खाज येऊन गोल, कडेला लाल चट्टा पसरत असेल तर तो बहुधा नायटा आहे. त्यावर स्टेरॉइडचं मलम लावलंत तर खाज थांबेल आणि नायटा आतल्या आत पसरेल.

मेडिकलवाल्यांनाही एक सांगणं. 2018 मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती काउंटरवरून जातात. तोवर आपणच ट्यूब उलटी करून वाचायची. लाल उभी रेघ असेल, किंवा मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यातलं नाव दिसलं, तर परत ठेवायची. घटकच लिहिलेले नसतील तर हातही लावायचा नाही, त्यात पारा असू शकतो.

आणखी एक. घडीची कातडी निरोगी असली तरी बाकी अंगापेक्षा थोडी सावळीच असते. जाहिरातीतली काख कुणाचीच नसते. भाचीची आता पूर्वीपेक्षा उजळ आहे, आणि तिथे सहा पांढुरक्या रेघा आहेत. त्या कायमच्या आहेत. काळेपणा तसा नव्हता.