आवाज जाण्याआधी

घशाच्या कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढायचे ठरले, की त्या तारखेनंतर माणसाचा मूळ आवाज परत येत नाही. घशाला धरायचे यंत्र किंवा श्वासनलिकेत बसवायची झडप यांनी बोलता येते, पण तो आवाज वेगळा असतो. मोटर न्यूरॉनच्या आजारात तारीख नसते. जीभ आणि ओठ जड होत जातात आणि एके दिवशी घरच्यांनाही शब्द कळेनासे होतात. दोन्हीकडे आवाज साठवायचे काम बोलता येते तोवरच करावे लागते. आयफोनमध्ये 2023 पासून त्यासाठी सोय आहे. ती काय करते आणि आपल्या घरात कुठे अडते, ते यावेळी पाहू.

Settings मध्ये Accessibility आणि त्यात Personal Voice उघडले की फोन पडद्यावर एकेक वाक्य दाखवतो आणि आपण ते वाचायचे. सुरुवातीला अशी 150 वाक्ये वाचावी लागत. 2025 च्या नव्या आवृत्तीत दहा वाक्ये पुरतात. इतक्या थोडक्यात कसे भागते? फोनमधल्या प्रणालीला अनेक माणसांच्या आवाजांवरून बोलणे आधीच शिकवलेले असते. वाक्य कोणते हे तिला माहीत असते, म्हणून कोणता ध्वनी तुम्ही कसा काढता हे ती जुळवून पाहते आणि स्वतःचे बोलणे तुमच्या पट्टीकडे वळवते. हे काम फोनमध्येच होते. पुढे Live Speech मध्ये टाइप केलेला मजकूर, फोनवरच्या संभाषणातसुद्धा, त्या आवाजात ऐकू येतो.

नक्कल मात्र मिळालेल्या आवाजाचीच होते. पंख्याची घरघर आत गेली तर ती खरखरते, आणि जीभ अडखळू लागल्यावर वाचले तर नक्कलही अडखळते. म्हणून निदान होताच, सकाळी आवाज ताजा असताना, पंखा बंद करून, फोन एकाच अंतरावर धरून वाचावे.

आता आपली अडचण. ही सोय आधी फक्त इंग्रजीत आली, मग मँडरिन आणि मेक्सिकोतल्या स्पॅनिशमध्ये. मराठी आणि उर्दू त्यात नाहीत. समजा, एका घरातल्या अब्बांचे ऑपरेशन दहा दिवसांवर आहे. त्यांनी इंग्रजी वाक्ये वाचली, आवाज तयार झाला. नंतर त्यांनी रोमन लिपीत "mala bhuk lagli" असे टाइप केले, तर फोन ते इंग्रजी शब्द समजून वाचणार. इंग्रजीत आपला 'भ' नाही, 'ळ' नाही. आवाज अब्बांचा आणि बोलणे एखाद्या परक्या पाहुण्याचे, असे काहीतरी ऐकू येईल. डॉक्टरांना किंवा बँकेत इंग्रजीत सांगायला त्याचा उपयोग आहे, नातवाला हाक मारायला नाही.

म्हणून त्या दहा दिवसांतले बहुतेक दिवस आम्ही दुसऱ्या कामाला देऊ. बोस्टनच्या बालरुग्णालयातले वाचातज्ज्ञ जॉन कॉस्टेलो यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत आवाज बनवायचा नसतो, माणसाची स्वतःची वाक्ये जशीच्या तशी रेकॉर्ड करायची असतात. तिला कोणतीही भाषा चालते. 'पाणी द्या', 'कूस बदलून द्या', 'इथे दुखतंय' ही वाक्ये लागतातच, पण ती यंत्राच्या आवाजातही निभावतात. आधी घ्यावे ते यंत्राला कधीच जमणार नाही ते: अब्बांचा दारातला सलाम, प्रत्येक मुलाचे घरातले लाडके नाव, दस्तरख्वानावर बसताना 'बिस्मिल्लाह करा रे' म्हणण्याची त्यांची घाई, अम्मीशी लटके भांडण, आणि ते हसणे. एका बैठकीत वीस-पंचवीस वाक्ये पुरे, घसा थकला की थांबावे. कागद हातात देऊन वाचायला लावले तर आवाज सपाट येतो. त्यापेक्षा मुलीने समोर बसून 'अब्बा, मी उशिरा आले तर काय म्हणता?' असे विचारावे आणि उत्तर टिपावे.

प्रत्येक वाक्याची फाइल वेगळी करून तिला त्याच वाक्याचे नाव द्यावे, नाहीतर दोनशे फायलींत 'दार लावा' सापडत नाही. नंतर संवादाच्या ॲपमध्ये एकेका बटणावर त्या बसवता येतात. व्हॉट्सॲपच्या निरोपांत आवाज दाबला जातो, म्हणून फोनच्या रेकॉर्डरवरच घ्यावे. वाचलेल्या इंग्रजी वाक्यांचे रेकॉर्डिंगही फोनमधून बाहेर काढून दोन ठिकाणी ठेवावे. फोन हरवला तर मूळ आवाज तरी हातात राहतो, आणि उद्या एखादी प्रणाली मराठी बोलू लागली तर तिला द्यायला स्वच्छ नमुना असतो.

आवाज आधीच गेला असेल तर जुने लग्नाचे व्हिडिओ आणि फोनमधले निरोप चाळावेत. अमेरिकेतले चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांचा आवाज 2006 मध्ये कर्करोगात गेला. स्कॉटलंडच्या सेरेप्रॉक कंपनीने त्यांनी डीव्हीडींसाठी पूर्वी केलेल्या समालोचनातून त्यांचा आवाज पुन्हा उभा केला.