जुळ्या बाळांची रात्र : वाटणी झोपेची करावी

घरात जुळी बाळे आली की पहिली वाटणी बहुधा अशी होते : एक बाळ आईकडे, दुसरे आजीकडे. दिसायला ही वाटणी न्याय्य असते, परंतु दोन्ही बाळे वेगवेगळ्या वेळी जागी होतात आणि दोघींपैकी कोणालाच सलग झोप मिळत नाही. म्हणून बाळे वाटू नयेत, रात्र वाटावी. त्यासाठी आधी दोन्ही बाळांचे घड्याळ एक करावे लागते. एक दुधासाठी उठले की दुसऱ्यालाही उठवून पाजावे.

पनवेलच्या बाजारपेठेतील एखादे घर डोळ्यांसमोर आणू. आई, बाबा, आजी आणि काकू अशी चार माणसे आहेत. दुकान सकाळी दहाला उघडते. आई साडेनऊला दोघांना पाजून वेगळ्या खोलीत झोपते. बाराच्या वेळी बाबा आणि काकू आधी काढून ठेवलेले आईचे दूध वाटी-चमच्याने पाजतात आणि मग काकू निजते. अडीचला आई उठून पाजते. लंगोट बदलणे व ढेकर काढणे बाबांकडे असते. त्यानंतर बाबा सव्वातीन ते सव्वाआठ झोपतात. सूर्यास्तापूर्वी जेवून लवकर निजणारी आजी पहाटे उठतेच. पाचला आईने पाजले की बाळे तिच्या ताब्यात येतात आणि आई पुन्हा झोपते. अशा रीतीने प्रत्येकाला जवळजवळ पाच तासांची सलग झोप मिळते.

आईची झोप याहून लांबवू नये. स्तन फार वेळ रिकामे झाले नाहीत तर ते कठीण होऊन दुखतात आणि दूधही घटू लागते. म्हणून अंगावरचे दूध नीट सुरू होऊन बाळांचे वजन वाढू लागल्यावरच ही पाळी लावावी. त्याआधी प्रत्येक वेळी आईच पाजील, बाकी सारे काम इतरांनी करावे. बाळे अपुऱ्या दिवसांची असतील तर डॉक्टरांनी दिलेल्या वेळाच पाळाव्यात.

पाळी बदलताना रोजकीर्द हवी. वहीत प्रत्येक बाळाचा स्वतंत्र रकाना आखून वेळ, दूध आणि ओला लंगोट यांची नोंद करावी. अन्यथा झोपेच्या भरात एकालाच दोनदा पाजले जाते. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत प्रत्येकाचे किमान सहा लंगोट ओले व्हावेत. एकाच्या रकान्यात ते कमी दिसले, किंवा बाळ दुधासाठी उठेनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

आणखी एक दक्षता. डोळे मिटू लागले तर बाळाला घेऊन सोफ्यावर टेकू नये, दुसऱ्याला उठवावे.

काकू आपल्या घरी परतली की ही व्यवस्था एका रात्रीत मोडते. म्हणून सारे नातलग एकदम बोलावू नयेत. काकू जाण्याच्या दोन दिवस आधी मावशी यावी आणि वही तिच्या हाती द्यावी.