पिशवी ‘साफ’ केली. तुकडा कुठे गेला?

मालवणकडची 54 वर्षांची एक मासेविक्रेती मध्यंतरी आमच्या बाह्यरुग्ण विभागात आली. पाळी जाऊन तीन वर्षे झालेली, तरी रक्तस्राव. दुसरीकडे तिची ‘पिशवी साफ’ करून झाली होती. “साफ केली ना, मगे रगात परत कित्याक?” तिचा प्रश्न रास्त होता. मी तपासणीचा अहवाल मागितला. तो नव्हता, कारण तुकडा प्रयोगशाळेत गेलाच नव्हता. पुढचा सल्ला मात्र मिळाला होता: पिशवी काढून टाका.

बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची 2019 मध्ये राज्यभर चर्चा झाली. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास राज्यांना सांगितले. माझ्या मते ही गळती सुरू होते ती या न पाठवलेल्या तुकड्यापासून.

क्युरेटिंगमध्ये गर्भाशयाचे तोंड रुंद करून आतले अस्तर खरवडतात. एरवी ते अंदाजानेच होते, आत दिसत काही नाही. देठावर लोंबणारा मस्सा हत्याराखालून सहज निसटतो. हिस्टेरोस्कोपीत बारीक दुर्बीण आत घालतात, सलाइनने पोकळी फुगवतात आणि संशयाच्या जागेचाच तुकडा घेतात.

या बाईंच्या सोनोग्राफीत अस्तर 11 मिलिमीटर होते. पाळी गेल्यावर रक्तस्राव होत असेल, तर 4 च्या वर आम्ही तुकडा मागतोच. सहा तास उपाशी ठेवून, शिरेतून थोड्या वेळाची भूल देऊन दुर्बीण घातली. अगदी बारीक दुर्बिणीने नुसते पाहायचे असेल तर कित्येकींना भूल लागतही नाही. वरच्या कोपऱ्यात दीड सेंटिमीटरचा मस्सा होता. तो मुळापासून काढून फॉर्मेलिनच्या बाटलीत पाठवला. क्षयाची शंका असती तर एक भाग सलाइनमध्येही पाठवला असता, कारण फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर होत नाही.

धोका कमी असला तरी आहे. पाळी गेल्यावर गर्भाशय लहान होते, तोंड आवळते, हत्यार भिंतीतून आरपार जाऊ शकते. घरी गेल्यावर पोटात वाढती कळ, ताप, घाण वासाचा स्राव किंवा तासाला पॅड भिजेल इतके रक्त दिसले, तर दुसऱ्या दिवसाची एसटी धरू नका, त्याच रात्री या. प्रसूती किंवा गर्भपातानंतरच्या जोरकस खरवडण्याने आतल्या भिंती चिकटून पाळी बंद पडल्याचेही मी पाहिले आहे.

अहवालात ‘नमुना अपुरा’ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ ‘सगळे ठीक’ असा नव्हे. अस्तर नुसते जाड, पण पेशी सरळ असतील तर बहुतेकींना हार्मोनची औषधे पुरतात. पेशी बिघडलेल्या असतील किंवा कर्करोग असेल, तर या वयात गर्भाशय काढण्याचा सल्ला मीही देतो.

आठवड्याने तिचा अहवाल आला: साधा मस्सा, कर्करोग नाही. कागद पदरात बांधून बाई बाजाराची वेळ गाठायला निघाल्या.