बॅकअप होता की!

"बॅकअप घेतला नव्हता का रे?" प्रबंधाची फाईल गेली की भेटेल तो हाच प्रश्न विचारतो. मला या प्रश्नाचाच राग आहे. माझ्या रूममेटकडे बॅकअप होता, तोही रोजचा. त्यानेच तर घात केला!

2022 चा मे महिना, शनिवारची रात्र. सोमवारी पाचच्या आत एम.टेक.चा प्रबंध द्यायचा आणि फाईल उघडेना. साईज बरोब्बर 48 एमबी. हेक्स एडिटरमध्ये पाहिली, तर पहिल्या बाईटपासून नुसती शून्यं. शुक्रवारी त्याने सेव्ह केल्या केल्या पेनड्राईव्ह उपटला होता. फाईलच्या नावाने जागा धरली गेली, आतला मजकूर मात्र उतरलाच नाही. अशी फाईल कुठलंही रिपेअर टूल दुरुस्त करू शकत नाही, कारण दुरुस्त करायला आत काही नसतंच. मग रोजचा बॅकअप? रोज रात्री `robocopy /MIR` चालायचं. त्याने ती शून्यं इमानेइतबारे चांगल्या प्रतीवर चढवली. याला बॅकअप म्हणायचं? हा तर आरसा झाला.

उरल्या दोन प्रती. गाईडला मेल केलेली, तीन आठवडे जुनी पण धड. आणि गिरगावात ठाकूरद्वारला त्याच्या घरी कपाटात पडलेली हार्डडिस्क, नऊ दिवस जुनी. रविवारी सकाळी चर्नी रोडला उतरून चाळीत पोचलो. तीही फाईल उघडेना! कॉपी चालू असताना केर काढताना काकूंकडून वायर निघाली होती म्हणे.

पण इथे सुरुवातीला `PK` ही दोन अक्षरं होती, शून्यं होती ती शेवटाकडे. मंडळी, डॉक्स फाईल म्हणजे खरं तर झिप असते. तिची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी असते. ती गेली की वर्ड हात वर करतो. मजकूर मात्र `document.xml` मध्ये असतो आणि वर्ड तो बहुधा पुढेच ठेवतो, चित्रं मागे. म्हणजे आशा होती. आधी मोडक्या फाईलची वेगळी प्रत काढली (हे कधीही चुकवू नका), मग:

```
zip -FF thesis.docx --out fixed.zip
unzip -p fixed.zip word/document.xml > text.xml
```

पहिली कमांड विचारते, एकाच डिस्कवरची फाईल आहे का? `y` म्हणायचं. चार मिनिटांत सहाही प्रकरणं हाताशी! तो तर नाचायलाच लागला. "थांब साल्या, समीकरणं बघ आधी," मी म्हणालो. टॅग काढल्यावर त्यांचा पार चुरा झाला होता. मेलवाल्या प्रतीत नवा मजकूर चिकटवला, आलेख मॅटलॅबच्या फोल्डरमधून पुन्हा घातले आणि समीकरणं दोघांनी रात्रभर हाताने टाईप केली. शेवटच्या नऊ दिवसांचं लिखाण मात्र आठवून लिहावं लागलं. काकूंनी तीनदा चहा दिला, एकदाही बॅकअपबद्दल विचारलं नाही.

"रोज बॅकअप घ्या" असं सांगून मोकळे होणारे आपण आयटीवालेच यात जास्त दोषी. जुन्या प्रतीवर नवी चढवू नका, तारीख घालून वेगळी ठेवा आणि ती एकदा उघडून बघा, हे कोण सांगतं? त्याने एकही बॅकअप कधी उघडून पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मीही नाही.

सोमवारी चार चाळीसला प्रबंध गाईडच्या टेबलावर होता. त्यांनी पहिलं पान उलटलं आणि विचारलं, "डावीकडे दीड इंच मार्जिन का नाही?"